आधी कपाटात, मग दुकानात

मैत्रिणींनो, तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी पत्रिका यायला लागतात आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य कानावर येतं, "नेसायला काही नाही." हे वाक्य खोटं नसतं. कपाट उघडल्यावर खरंच काही मिळत नाही. पण मिळत नाही म्हणजे साडी नसते असं नाही. तिच्यावरचा ब्लाउज दोन वर्षांपूर्वीच घट्ट झालेला असतो, फॉल गोळा झालेला असतो, त्या रंगाचा परकर सापडत नाही, नाहीतर जर काळी दिसते म्हणून आपण ती तळाशी ढकललेली असते. साडी असते, पण ती तयार नसते. दुकानात गेलं की आपण नेमकं जे आहे तेच पुन्हा विकत आणतो, म्हणजे साडी. आणि जे खरं अडलेलं असतं, ते तसंच राहतं. म्हणून लग्नसराईच्या साड्या स्वतःच्या कपाटातून कशा खरेदी करायच्या, तेवढंच आज सांगते.

दुकानात जाताना आपण यादी करतो, तशी इथेही करायची. मात्र ती साड्यांची नको, प्रसंगांची करा. एका कागदावर लिहा: कार्यक्रम कोणता, सकाळचा की संध्याकाळचा, घरी की हॉलमध्ये, किती वेळ नेसून राहायचं, आणि तिथे आपलं काम काय. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. घरच्या हळदीला खाली बसायचं, ताटं उचलायची, अंगावर हळदीचे डाग पडणारच. तिथे भारी रेशमी साडी असून उपयोग नाही. उलट मुहूर्ताला तासभर उभं राहायचं असतं, तिथे भरजरी साडी चालते. हा कागद हातात आला की "चांगलीशी एखादी साडी" अशी मोघम गरज उरत नाही. "संध्याकाळची, हलकी, चार तास उभं राहता येईल अशी" एवढी नेमकी होते, आणि नेमकी गरज कपाटात शोधता येते.

मग साड्या बाहेर काढा. दिवसा काढा, कोरड्या हवेत काढा. पलंगावर जुनी स्वच्छ चादर घाला, हात धुऊन कोरडे करा, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा, कारण त्यांत धागा अडकतो. घडी नुसती वरून पाहून चालणार नाही, प्रत्येक साडी पूर्ण उलगडायची. रेशमी साडीला सगळ्यात जास्त त्रास घडीचा होतो. वर्षानुवर्षं त्याच रेषेवर मोडलेलं रेशीम तिथे कमकुवत होतं आणि एक दिवस त्या रेषेवर चिरतं. ते ओळखायला साडी खिडकीसमोर धरा. घडीची रेष उजेडात बाकीच्या कापडापेक्षा विरळ, फिकट दिसली किंवा तिथे बारीक बारीक फटी दिसल्या, तर कापड थकलेलं आहे. त्या ठिकाणी दोन्ही हातांनी अगदी हलकं ताणून पाहा. धागे सरकायला लागले तर तिथेच थांबा, जोर लावू नका. बाकी साडी घट्ट असेल तर ती नेसण्याजोगी आहे, फक्त त्या जागेला आधार लागेल. सगळीकडेच धागे सरकत असतील, तर ती नेसायची साडी राहिली नाही.

त्याच वेळी डाग पाहा. ठेवताना स्वच्छ दिसलेली साडी दोन-तीन वर्षांनी पिवळट ठिपक्यांनी भरलेली निघते, याचं कोडं अनेकींना पडतं. सरबताचा थेंब, घाम, अत्तर यांचे डाग आधी दिसत नाहीत. हवेशी संयोग होऊन ते हळूहळू पिवळे-तपकिरी होतात. असा डाग घरी घासू नका. डागावर सुईदोऱ्याने एक सैल टाका घालून ठेवा आणि ड्रायक्लीनिंगला देताना तो टाका दाखवा, म्हणजे त्यांना शोधत बसावं लागत नाही. रेशमाला टाचणी मात्र लावायची नाही. ती गंजते आणि गंजाचा डाग निघत नाही.

आता तीन ढीग करा. पहिला, आजच नेसता येतील अशा साड्यांचा. दुसरा, काहीतरी अडलेल्या साड्यांचा. तिसरा, नेसण्यापलीकडे गेलेल्या साड्यांचा. आपली खरी खरेदी दुसऱ्या ढिगात आहे. त्यातल्या प्रत्येक साडीत एक चिठ्ठी सरकवा आणि त्यावर एकच गोष्ट लिहा: काय अडलंय? "ब्लाउज घट्ट." "फॉल गोळा." "पीस शिवलेला नाही." अशा पाच-सात चिठ्ठ्या झाल्या की लक्षात येतं, बहुतेकींवर ब्लाउज हाच शब्द आहे.

म्हणून ब्लाउजबद्दल जरा सविस्तर बोलू. ब्लाउज घट्ट झाला म्हणजे संपला, असं नाही. तो उलटा करा आणि काखेखालची बाजूची शिवण पाहा. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडलेलं असतं, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. चांगला शिंपी ती मुद्दाम ठेवतो, आणि बऱ्याचदा तिच्यावर दोन-तीन जादा टिपाही मारलेल्या असतात, म्हणजे एक टीप उसवली की ब्लाउज लगेच सैल होतो. टीप नसेल तर पट्टीने माया मोजा. समजा ती 1 इंच आहे. शिवण टिकायला पाव इंच आत राहू द्यायची, म्हणजे पाऊण इंच सोडता येते. ही माया एका बाजूला पुढच्या भागाची एक आणि पाठीची एक अशी दोन, आणि ब्लाउजला बाजू दोन. म्हणजे पाऊण इंच चार वेळा, एकूण 3 इंच. छातीत आणि कमरेत 3 इंच मिळणं म्हणजे बहुतेकींचा प्रश्न सुटला! माया अर्धा इंचच असेल तर पाव इंच चार वेळा, म्हणजे 1 इंच. तेवढाही पुष्कळदा पुरतो.

पण इथे मर्यादा सांगायलाच हवी. बाजूची शिवण सोडून छाती आणि कंबर वाढते, मुंढा आणि बाही आपोआप वाढत नाही. दंडात घट्ट असेल तर बाहीच्या शिवणीतली माया वेगळी पाहावी लागते. काखेतच आवळत असेल तर तिथे चौकोनी तुकडा जोडतात. त्यासाठी त्याच पीसचं उरलेलं कापड हवं, नाहीतर लांब बाही आखूड करून ते मिळवता येतं. हात खाली असताना तो तुकडा दिसत नाही. खांदा अरुंद झाला असेल किंवा गळा पुढे ओढला जात असेल, तर मात्र तो ब्लाउज सोडून द्यावा. दुसरी गोष्ट, माया उघडली की आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद दिसतं, कारण बाहेरचं घामाने आणि धुण्याने उतरलेलं असतं. जुन्या टिपेची रेषही दिसते. सुती कापडावर ती धुतल्यावर बरीचशी जाते. रेशमावर सुईची भोकं राहतात. ती काखेखाली असल्यामुळे चालून जातं, पण शिंप्याकडे देण्याआधी हे माहीत असावं.

ब्लाउज सुटणारच नसेल, तर त्या साडीवर कपाटातला दुसरा ब्लाउज लावून पाहा. आपण साडीच्या अंगाचा रंग जुळवायला जातो आणि तिथेच फसतो, कारण दोन जवळजवळ सारखे रंग शेजारी आले की त्यांच्यातला फरकच उठून दिसतो. त्यापेक्षा काठातला रंग घ्या किंवा बुट्टीतला अगदी बारीक रंग घ्या. हिरव्या साडीला जांभळा काठ असेल तर जांभळा ब्लाउज, आणि काठात लाल नक्षी असेल तर लालही शोभतो. लाल किंवा हिरव्या खणाचा एक नीट बसणारा ब्लाउज आणि सोनेरी ब्रोकेडचा एक, एवढे दोन असले की कितीतरी काठपदरी साड्या मोकळ्या होतात. रंग मात्र दिवसाच्या उजेडात बघा, आणि ब्लाउज घालून, पदर खांद्यावर टाकूनच बघा. पलंगावर शेजारी ठेवलेले रंग अंगावर वेगळे दिसतात.

आता फॉल. साडीचा खालचा काठ नेसल्यावर चुण्या पडून वर उचलला जातो. आपण म्हणतो, साडी आटली. बहुतेक वेळा साडी आटलेली नसते, फॉल आटलेला असतो. फॉल सुती असतो आणि लावण्याआधी पाण्यात भिजवला नाही, तर पहिल्या धुण्यात आटून साडीला ओढतो. साडी उलटी करून पाहा. फॉल ताणलेला आणि काठ सैल असं दिसलं तर दोष फॉलचाच. तो हलक्या हाताने उसवा आणि काठाला उलट बाजूने, वर पातळ कापड ठेवून बेताची इस्त्री करा. नवा फॉल रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मगच लावायला द्या. एवढं केलं की साडी पुन्हा सरळ पडते.

जरीबद्दल सावध राहा. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते, तशी ही जरही काळवंडते. टेस्टेड जरीत आत तांब्याची तार असते. मुलामा उडाला की ती तांबूस, कधी हिरवट होते. प्लास्टिकची जर काळी पडत नाही, तिचा चमकता पापुद्रा उडतो. काठाच्या टोकाचा सुटलेला धागा नखाने खरवडून पाहिला तर आतला रंग कळतो: पांढरा, तांबूस, नाहीतर नुसता पारदर्शक पापुद्रा. हे कळून काय होतं? काळवंडलेली जर पॉलिशला देण्यात अर्थ आहे की नाही, ते ठरतं. चांदीची जर जाणकाराकडे दिली तर बरीचशी उजळते. मुलामा उडालेली तांब्याची जर पॉलिशने परत सोनेरी होत नाही. लिंबू, चिंच, दंतमंजन यांनी जर घासण्याचे उपाय करू नका. आम्लाने मुलामा जातो आणि शेजारच्या रेशमाचा रंगही. तिसऱ्या ढिगातल्या जुन्या साडीची जर चांदीची निघाली, तर ती बोहारणीला एका पातेल्यासाठी देऊ नका. जुन्या जरीची किंमत देणारे व्यापारी असतात, त्यांना आधी दाखवा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. आपल्याच ओळखीच्या एका मैत्रिणीकडे डिसेंबरात भाचीचं लग्न होतं. चार प्रसंग: साखरपुडा, घरची हळद, सकाळचा मुहूर्त आणि संध्याकाळचं रिसेप्शन. चार नव्या साड्या घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी तिने यादी केली आणि कपाट रिकामं केलं.

हळदीसाठी नारायणपेठ सुती साडी निघाली, पिवळी, लाल काठाची. अडलेलं होतं ते ब्लाउजचं, छातीत 2 इंच कमी. उलटा केल्यावर माया पाऊण इंच मिळाली. पाव इंच ठेवून अर्धा इंच, चार वेळा, बरोबर 2 इंच. साखरपुड्यासाठी निळी क्रेप सिल्क होती, फॉल गोळा झाल्यामुळे चार वर्षं न नेसलेली. नवा फॉल भिजवून लावला आणि ती तयार झाली.

मुहूर्तासाठी सासूबाईंची पैठणी. ती उजेडात धरल्यावर पदराच्या दोन घड्यांवर रेशीम विरळ झालेलं दिसलं, बाकी अंग घट्ट होतं. पदराच्या मागे तेवढ्याच भागाला त्याच रंगाचं मऊ मलमल ठेवून, काठाच्या आत हातशिलाईने टाकून घेतलं, म्हणजे ताण थकलेल्या रेशमावर न येता मलमलीवर येतो. तिने दोन गोष्टी पाळल्या. पदराला पिन लावली ती काठाच्या भक्कम भागाला आणि मलमलीसकट. आणि अक्षता पडल्यावर, पंगतीच्या आधी, ती साडी बदलली.

रिसेप्शनसाठी हलकी साडी हवी होती. कांजीवरम होती, पण ती नेसून चार तास उभं राहणं तिला जमणारं नव्हतं. नवी घ्यावीच लागणार असं वाटत असताना तळाशी एक मोतिया रंगाची हलकी रेशमी साडी सापडली. नणंदेने दिलेली, एकदाही न नेसलेली, कारण ब्लाउज पीस साडीलाच जोडलेला होता आणि शिवायचा राहून गेला होता. इथे एक काळजी घ्यायची असते. पीस कापण्याआधी साडी टेपने मोजा. पीससकट साधारण 6.3 मीटर भरली, तर 80 सेंटीमीटर कापल्यावर साडी 5.5 मीटर उरते. त्यात पाच-सहा निऱ्या आणि पुरेसा पदर मिळतो. ती 5.5 मीटरच भरली, तर पीस कापू नका. साडी आखूड होईल. ब्लाउज दुसऱ्या कापडाचा शिवा. हिची साडी 6.3 मीटर भरली, पीस कापला आणि शिवायला दिला.

शेवटी विकत काय आणलं? एक फॉल, थोडं मलमल आणि एक मोतिया परकर, कारण फिकट साडीखाली तिच्याकडचे सगळे गडद परकर दिसत होते. बाकी शिलाई. साडी एकही नाही.

हे तिला जमलं, कारण तिने लग्नाच्या दीड महिना आधी कपाट काढलं. लग्नसराईत शिंप्याकडे शेवटच्या आठवड्यात गेलं की तो माया सोडायच्या कामाला हात लावत नाही, नव्या शिलाईतच बुडालेला असतो. मग आपण नाइलाजाने तयार ब्लाउजसकट नवी साडी घेतो. म्हणून पत्रिकेची वाट पाहू नका. तारीख कळली की कपाट काढा.

नवी साडी घ्यायचीच नाही, असं मी म्हणत नाही. यादीतला एखादा प्रसंग तिन्ही ढीग पाहूनही रिकामा राहिला, तर घ्या. पण आधी जावेला, बहिणीला विचारा. साडी मापाच्या बंधनात नसते. ब्लाउज मात्र स्वतःचा बसणारा हवा, म्हणून खणाचा तो एक ब्लाउज कामाला येतो. विकत घेतलीच, तर दुकानातच दोन प्रश्नांची उत्तरं द्या: हिच्यावर माझ्याकडचा कोणता ब्लाउज आणि कोणता परकर चालेल? उत्तर नसेल, तर त्या साडीची किंमत चिठ्ठीवर लिहिलीय त्यापेक्षा जास्त आहे. फॉल, परकर, शिलाई धरून हिशेब करा आणि मग ठरवा. आणि शिवायला टाकताना शिंप्याला आवर्जून सांगा: माया इंचभर ठेव.

साड्या परत ठेवताना पुढच्या वर्षीची सोय करा. रेशमी साड्या स्वच्छ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. आत ओल कोंडते आणि जर काळी पडते. दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडा आणि वेगळ्या रेषेवर मोडा. डांबरगोळ्या कापडी पुरचुंडीत बांधून वरच्या कप्प्यात ठेवा. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरते. गोळी जरीला किंवा कापडाला टेकू देऊ नका. सुती साड्या खळ काढून ठेवा, कारण खळीवर कसर येते. साडीच्या घडीतच तिचा ब्लाउज ठेवा आणि कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा: साडी, ब्लाउज कोणता, परकर कोणता, शेवटचं कधी नेसली. पुढच्या वेळी हा कागद वाचला तरी निम्मी खरेदी उरकते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दुसऱ्या ढिगातली एक साडी आणि तिचा ब्लाउज घेऊन या. ब्लाउज उलटा करून आणा आणि सोबत इंचाची पट्टी. माया किती, सुटेल किती आणि काखेत तुकडा लागेल का, ते इथेच एकत्र बसून पाहू. ज्यांना उसवता येतं त्यांनी बारीक कात्री आणावी. म्हणजे लग्नसराई ऐन भरात यायच्या आत आपलं काम शिंप्याकडे पोहोचेल.